ढोलाच्या ठेक्यावर उज्जायी

माझ्या आरोळीबद्दल आधी सांगतो, म्हणजे पुढच्या फजितीचं वजन कळेल. सकाळी शाळेच्या मैदानावर मी "सावधान!" म्हणालो की शेजारच्या धानाच्या बांधीत एका पायावर उभे असलेले बगळे दुसरा पाय खाली टेकवत. तीच आरोळी वैनगंगेच्या पाण्यावरून वाहत खाली सिरोंच्याला पोचे आणि तोवर तिची तेलुगू झालेली असे. हे मीच गावाला सांगत असे आणि गावही माझं मन राखून ऐकत असे. यात खोटं एवढंच की बगळे पाय टेकवत नसत, उडून जात.

पोंभुर्ण्याच्या बाजूला जंगलात शिरलेल्या एका गावात मी ड्रिलमास्तर होतो. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच्यातच होती. नोकरी तात्पुरती. तात्पुरता मास्तर म्हणजे लग्न ठरलं पण मांडव नाही, अशातली गत. शाळा तपासणारे साहेब एकदा येऊन माझं ड्रिल बघणार, मान हलवणार आणि मग मी कायम होणार, असं हेडमास्तर दर पावसाळ्यानंतर सांगत. साहेब काही येत नसत.

साहेब येत नव्हते हे माझ्या पथ्यावरही पडत होतं. कारण मला दमा होता.

हे वाक्य आज एका ओळीत लिहिलं, पण त्या काळी ते तोंडातून काढण्यापेक्षा मी अस्वलाशी कुस्ती धरली असती. ड्रिलमास्तरला दमा म्हणजे पोहणं शिकवणाऱ्याला पाण्याची भीती. वर्षभर फारसा त्रास नसे. दिवाळी सरली, धान कापून खळ्यावर आलं, बैलांच्या पायाखाली चुरणं सुरू झालं की त्या भुशाचा धुरळा हवेत उभा राही आणि माझ्या छातीत पिपाणी वाजू लागे. मग मी ड्रिलची शिट्टी तोंडातून काढतच नसे. पोरं धावत आणि मी मध्ये उभा राहून शिट्टी फुंकी. छातीतला सूर शिट्टीच्या सुरात बुडून जाई. लोक म्हणत, मास्तर फार कडक आहेत, शिट्टी थांबवत नाहीत.

एका उन्हाळ्यात चांद्याला ड्रिलमास्तरांचं शिबिर निघालं. चांद्याचा उन्हाळा असा की पाखरं फांदीवरच भाजत आणि आम्ही मिठाची पुडी घेऊन खाली उभे राहत असू. तिथे योग शिकवायला घाटावरचे एक गुरुजी आले होते. अंगानं इतके बारीक की त्यांची सावली त्यांच्यापेक्षा जाड दिसे. पहिल्याच सकाळी ते म्हणाले, "आज उज्जायी. तोंड उघडा आणि आरशावर वाफ सोडतो तसा 'हा' करा."

आम्ही सगळ्यांनी 'हा' केला. चांद्याच्या हवेत तेवढी आणखी वाफ.

"आता तेच, पण तोंड मिटून. श्वास नाकानं. गळ्यात एक दार आहे असं समजा आणि ते अर्धं लोटा. बंद करायचं नाही, अर्धंच लोटायचं."

गळ्यातून समुद्राच्या लाटेसारखा आवाज यायला लागला. समुद्र मी पाहिला नव्हता, पण गुरुजी म्हणाले तसाच असतो म्हणून मी मानून घेतलं.

"दार अर्धं लोटलं की वाट अरुंद होते," ते सांगू लागले. "वाट अरुंद झाली की हवेला अडथळा होतो. अडथळा झाला की ती सावकाश जाते. सावकाश गेली की एकेक श्वास लांबतो, आणि श्वास लांबला की मिनिटाला थोडेच पुरतात. यात चमत्कार काही नाही. फक्त आत घ्याल त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडायला द्या."

सिरोंच्याकडचे एक म्हातारे मास्तर होते. त्यांनी हात वर केला. "पण गुरुजी, तुम्ही बाहेर सोडायला दुप्पट वेळ सांगून राह्यले. ते कायले? जेवढं आत तेवढंच बाहेर."

"आत घेताना स्नायू ओढून घेतात," गुरुजी म्हणाले. "बाहेर जातो तो छाती आपणहून सैल पडते म्हणून. सैल पडायला मुळातच वेळ लागतो. त्यात तुम्ही वाट अरुंद केलीत तर आणखी लागणार. तो वेळ दिला नाही तर मागची हवा आत राहते आणि तिच्यावर तुम्ही नवी भरता."

हे मला चटकन समजलं, कारण मी धानाच्या मुलखातला. बांधीत पाणी भरलंय आणि बाहेर जाण्याचं तोंड तुम्ही माती लावून लहान केलंत, तर पाणी जाईल, पण हळू. ते जाईपर्यंत थांबला नाहीत आणि वरनं पुन्हा पाट सोडला, तर बांध फुगून फुटायला येतो. मी हे तिथल्या तिथे मोठ्यानं बोलून दाखवलं आणि गुरुजींनी मला शाबासकी दिली. एवढं चांगलं समजलं होतं मला. लाज वाटते ती याचीच. न समजून पडलो असतो तर चाललं असतं.

गुरुजी शेवरीच्या कापसाचा एक पुंजका आमच्या नाकासमोर धरत. उज्जायी नीट असेल तर पुंजका नुसता थरथरायचा. माझ्या पहिल्या श्वासाला तो गुरुजींच्या टोपीवर जाऊन बसला. "आवाज गावाला ऐकवायचा नसतो, मास्तर," ते म्हणाले. "शेजाऱ्याला जेमतेम कळला तरी पुष्कळ." मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. त्यांचा एक श्वास सुटेपर्यंत मी जाऊन चहा पिऊन आलो असतो.

दुपारी बाकीचे लवंडले असताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "दमा आहे का तुम्हाला?"

"छे छे गुरुजी, सर्दी आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की उन्हातही गार वाटलं. "सर्दी असेल तर असं करा. आत घेताना गळा सैल सोडा, फक्त बाहेर सोडताना जरासा आकसा. छाती रिकामी झाली असं वाटेपर्यंत पुढचा श्वास घेऊ नका. आणि सर्दी जोरात असेल त्या दिवशी हे काहीच करू नका."

मी मान डोलावली आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात भलताच दिवा लागला. उज्जायीचा तो घरघर-सरसर आवाज! माझी पिपाणी झाकायला आता शिट्टीची गरजच नव्हती. छाती वाजली तरी लोक म्हणतील, मास्तर प्राणायाम करत आहेत. आजार आणि तपश्चर्या यांना एकच आवाज, आणि तो मला फुकट मिळाला होता.

गावी परतलो तो अर्धा ऋषी होऊनच. चावडीवर सांगितलं की चांद्याहून येताना जंगलात वाघ आडवा आला, मी बैलबंडीत बसल्या बसल्या उज्जायी सुरू केला, आणि वाघ "ही आपली मावशी दिसते" असं समजून वाटेतून बाजूला झाला. लोकांनी ऐकून घेतलं. घरी मात्र ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

"अवो," बायको म्हणाली, "हे जागेपणी काय घोरून राह्यले?"

"याला उज्जायी म्हणतात."

"असन. पण त्याच्या खालून ते जुनंच वाजून राह्यलं. मले येते ऐकू."

तिला ऐकू येत असलं तरी एक गोष्ट खरी होती, आणि ती मी न फुगवता सांगतो. रात्री अंथरुणावर बसून, कोणी पाहत नसताना, मी गुरुजींनी सांगितलं तसं करत असे. आत सैल, बाहेर सावकाश, शेवटपर्यंत. चार-सहा श्वासांनी धाप कमी होई. श्वासांची घाई थांबे. खांदे खाली येत. छातीत उरलेली शिळी हवा जाई आणि ताजीला जागा होई. कित्येक वर्षांनी मी चुरण्याच्या हंगामात आडवा होऊन झोपलो. ज्याचा मी तमाशा करणार होतो, त्याचा मला खरोखर गुण येत होता.

मग एक दिवस हेडमास्तर धापा टाकत आले. धाप टाकण्यात ते माझ्यापेक्षा सरस होते, पण त्यांना कोणी विचारत नसे. "साहेब येऊन राह्यले! पोरायची तब्येत पाहाले सरकारी डॉक्टरही येऊन राह्यले त्याइच्यासंगं. तुमचं कायम होणं आता साहेबाच्या मानेवर हाय. काहीतरी नवं दाखवा, मास्तर. लेझीम त्याइनं सतरा गावी पाह्यली असन."

"उज्जायी दाखवतो," मी म्हणालो. "सगळी शाळा. एका दमात."

शाळेचा शिपाई ढोल वाजवत असे. लग्नातही तोच, मयतीतही तोच, आणि झेंडावंदनालाही तोच. त्याला मी ठेका समजावला. आत घेताना पोरांचे हात वर, ढोल एकदा. बाहेर सोडताना हात खाली, त्याला दुप्पट वेळ.

त्यानं दोनदा वाजवून पाहिलं आणि काठी काखेत घातली. "मास्तर, हा ठेका लंगडा हाय."

"लंगडा म्हणजे?"

"वर जाते पटकन, खाली येते निवांत. पोरायचे हात खाली येता येता साहेब झोपून जाईन न जी. ड्रिल कसं पाह्यजे? धाड, वर. धाड, खाली. मले तर हे मयतीचं वाटून राह्यलं."

मैदानावर करून पाहिलं तर खरंच बरं दिसेना. रांगेतलं एक पोर लवकर रिकामं होई, दुसरं उशिरा. हात कुणाचे कुठे, जसं वाऱ्यात सापडलेलं बांबूचं बेट. ड्रिलमास्तरच्या डोळ्याला हे बघवत नाही. आम्हा लोकांना रांग सरळ आणि ठेका सारखा लागतो, देव जरी आला तरी डावा पाय आधी टाकायला लावू. मी म्हणालो, "कर सारखा. धाड वर, धाड खाली."

ठेका सारखा केला आणि मैदान असं दिसायला लागलं की एका यंत्राला शंभर हात. आवाजही जबरदस्त. तो कसा येत होता हे मला नंतर कळलं. पोरं श्वास वगैरे काही करतच नव्हती. जो तो आपापला हवा तसा श्वास घेत होता आणि गळ्यातून नुसतं खर्र-खर्र करत होता. साऱ्या मैदानावर प्रामाणिकपणे गळा आकसणारा मी एकटाच होतो.

साहेब आले तो दिवस चुरण्याच्या हंगामातला निघाला. मैदानाला लागूनच एका शेतकऱ्याचं खळं होतं आणि तो सूप उंच धरून धान उधळत होता. मी जाऊन हात जोडले. "भाऊ, आज दुपारपर्यंत थांबा न. साहेब आहेत."

"साहेब तुमचा हाय मास्तर," तो म्हणाला, "न धान माझं हाय. वारा आज सुटला, मी आजच उडवीन."

सकाळपासूनच छातीत वाजत होतं. बायकोनं दारात अडवलं. "आज नका करू. त्या गुरुजीनं काय सांगतलं होतं? जोरात असन त्या दिवशी नाई करायचं."

"आज केलं नाही तर जन्मभर तात्पुरताच राहीन."

"राहा न मंग. तात्पुरते राहा, पण राहा."

मी गेलो.

खुर्च्यांवर साहेब, त्यांच्याशेजारी डॉक्टर, मागे हेडमास्तर. भिंतीशी गावच्या बाया, त्यांत माझी. मी पोरांकडे तोंड करून उभा राहिलो आणि जी आरोळी ठोकली तिनं साहेबांच्या कपातला चहा हलला. साहेबांची मान खूश दिसली. ढोल सुरू झाला. धाड, हात वर. धाड, हात खाली. शंभर गळे खर्र-खर्र करू लागले.

सुरुवातीचे काही श्वास बरे गेले. मग काय झालं ते आतून सांगतो, कारण बाहेरून तर साऱ्या गावानं पाहिलं. गळ्याचं दार मी अर्धं लोटलेलं. छातीतल्या बारीक नळ्या दम्यानं आधीच आवळलेल्या. म्हणजे हवेला बाहेर जायला अडथळ्यावर अडथळा. ती निघाली होती, निम्मी बाहेर आली होती, तेवढ्यात ढोल म्हणाला, आत. आत घेतली. पुन्हा निम्मी बाहेर, पुन्हा ढोल. प्रत्येक धाडीला थोडी हवा आत मागे राहत होती आणि तिच्यावर नवी बसत होती. खांदे कानाला टेकले. छाती मडक्यासारखी गोल झाली आणि सदऱ्याचं वरचं बटण उडून पहिल्या रांगेत गेलं. हे मी वाढवून सांगत नाही. बटण सापडलं पुढे.

फुगलेल्या छातीत आणखी हवा घेता येत नाही आणि आहे ती निघत नाही. मी जोर लावून फुंकायला गेलो, तर जोर लावला तशा आतल्या नळ्या जास्तच मिटल्या. घाबरलो आणि घाबरल्यावर माणूस जे करतो तेच केलं, भराभर श्वास घेऊ लागलो. तोही गळा आकसूनच, कारण आवाज बंद पडला तर पिपाणी ऐकू येईल ही भीती मरणाच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

शेवटी ढोल थांबवायला मी दोन्ही हात वर केले.

हात वर म्हणजे काय? आत घ्या. शंभर पोरांनी दोन्ही हात वर केले. शिपायाला वाटलं मास्तर रंगात आले, त्यानं काठी आणखी जोरात घातली. मी हात हलवले, पोरांनी हलवले. साहेब हेडमास्तरांना म्हणाले, "वा, हे तर फारच छान आहे." मी गुडघ्यावर आलो. पहिली रांग गुडघ्यावर आली. मग मी तोंडावर पडलो, आणि पहिल्या रांगेतली दोन-तीन आज्ञाधारक पोरं पडलीसुद्धा.

भिंतीजवळून बायको ओरडली, "ढोल बंद कर रे मेल्या!" तेव्हा तो बंद झाला.

ढोल थांबला, पोरांची खर्र-खर्र थांबली, खळ्यावरचा माणूससुद्धा सूप धरून बघत राहिला. त्या शांततेत फक्त एक आवाज उरला. माझ्या छातीतला. बारीक, लांब, कुत्र्याचं पिल्लू दारात चेंगरावं तसा. इतकी वर्षं शिट्टीखाली, आरोळीखाली, वाघाच्या गोष्टीखाली दाबलेला तो आवाज भर सकाळी सगळ्या गावानं मन लावून ऐकला.

"हा कसला आवाज?" साहेबांनी विचारलं.

पुढच्या रांगेतून उत्तर आलं, "साहेब, हे आमच्या मास्तरचं उज्जायी हाय."

"हा उज्जायी नाही," डॉक्टर तोवर माझ्याजवळ बसले होते. "दमा आहे." त्यांनी मला उठवून बसवलं, पुढे झुकवलं, हात गुडघ्यांवर टेकवले. पेटीतून सुई काढत म्हणाले, "मास्तर, गळा सोडा. ऐकलंत का? तो आवाज काढू नका. आत घेण्याची घाई सोडा. आधी बाहेर. जोर नाही लावायचा. ओठ थोडे मिटा आणि दिव्याची ज्योत विझू न देता नुसती वाकवायची आहे असं हळू सोडा. अजून. अजून आहे आत."

दंडात अॅड्रेनॅलिनची सुई गेली. हात थरथरायला लागले आणि काळीज ढोलासारखं वाजू लागलं. पण थोड्या वेळानं छाती खाली बसायला लागली. शंभर पोरं भोवती गोल करून माझं रिकामं होणं बघत होती. कोणी हसत नव्हतं. हसली असती तर मी उपकार मानले असते.

"यापूर्वी कधी झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. साहेब शेजारीच उभे होते.

बोलता येत नव्हतं, म्हणून मी मान हलवली. नाही. आजच. धुरळ्यानं. हे सगळं एका मानेत.

"खोटं हाय ते," बायको पुढे आली. पदर डोक्यावर, डोळे जमिनीकडे, पण आवाज मैदानभर. "दर चुरण्याले होते, डॉक्टरसाहेब. लग्न झालं तवापासून मी पाहून राह्यली. रात्री बसून काढते हा माणूस." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "सुईवाल्यापाशी खोटं नाई बोलाचं. रागवाचं तं घरी रागवा."

साहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, पुन्हा घातली. मला वाटलं, गेली नोकरी. आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील, पण त्या नुसत्या मानेनं मारलेल्या थापेची मला जेवढी शरम वाटली तेवढी वाघाच्या मावशीचीही नाही. बायकोनं ती सगळ्यांसमोर उचलून बाजूला ठेवली, जसं पाहुण्यांसमोर पोराचा शेंबूड पुसावा.

सावलीत नेल्यावर डॉक्टरांनी साहेबांना, माझ्या ऐकण्यात, सगळं समजावलं. गळा आकसून सावकाश सोडलेला श्वास वाईट नाही. थोडा अडथळा असला की आतल्या नळ्या लवकर मिटत नाहीत, आणि वेळ दिला तर छाती नीट रिकामी होते. "पण वेळ दिला तर. यांनी अडथळा ठेवला आणि वेळ काढून घेतला. त्यात दमा चढलेला, आणि श्वास आत ओढतानाही गळा आकसलेला. अशानं धडधाकट माणूससुद्धा दमेल." मग मला विचारलं, "हा सारखा ठेका कुणी बसवला?"

शिपाई ढोलामागे लपला. मी छातीवर हात ठेवून मीच असं दाखवलं. निदान तेवढं खरं.

साहेब गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत, आणि माझीही वर बघायची हिंमत झाली नाही. त्या दिवसांत मी दारातून बाहेर पडत नसे. पाण्याला जाणाऱ्या बाया घरावरून जाताना आवाज उतरवत. चावडीवर माझ्याशिवाय माझीच गोष्ट सांगत असत, आणि मी सांगितल्या असत्या त्यापेक्षा चांगली सांगत. त्यांच्या एका गोष्टीत मी पडलो तेव्हा भूकंप झाला होता. दुसरीत तर बटण साहेबांच्या डोळ्यात गेलं. मला थापा परक्या तोंडून ऐकण्याची सवय नव्हती. त्या अशा टोचतात हे माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी हेडमास्तर आले, अंगणातच उभे राहिले.

"साहेबाचा निरोप हाय. तुमी कायम झाले."

मी उंबरा ओलांडून अंगणात आलो.

"पण ड्रिलले नाई. ड्रिलचा नवा मास्तर येऊन राह्यला, ब्रह्मपुरीकडचा पोरगा हाय, रेड्यासारखा. तुमाले तिसरी दिली. साहेब म्हणे, आवाज चांगला हाय माणसाचा, बसून शिकवू द्या."

"दया केली का माझ्यावर?"

"ते मले काय मालूम जी. केली असन तं घ्या न. सगळ्याइले कुठी भेटते."

हेडमास्तर गेल्यावर बायको म्हणाली, "झाले न कायम? मंग तोंड असं कायले?" तिला कसं सांगू? कायम व्हायचं होतं ते मैदानात छाती काढून, गावानं बघावं असं. झालो तो गावानं सगळं बघितल्यावर.

तिसरीत जायचा पहिला दिवस. शाळा पायऱ्यांच्या वर, आणि धुरळा अजून हवेत. पायऱ्या चढून वर्गाच्या दारात आलो तर धाप लागलेली. आत पोरं बसलेली, मैदानावर शंभरांत असलेलीच. आधी मनात आलं, काहीतरी आरोळी ठोकावी. मग आलं, माघारी जावं. शेवटी चौकटीला टेकलो, गळा जरासा आकसला आणि सोडायला लागलो. आवाज न करता, ठेक्याविना, मिळेल तेवढा वेळ घेत. छाती वाजत होती. झाकलं नाही. झाकायला काही उरलंच नव्हतं.

एक पोरगं पाटी आपटायला लागलं. शेजारच्यानं त्याचा हात धरला.

"थांब बे," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जसं विहिरीवर रांगेत सांगतात, "मास्तरची छाती अजून खाली व्हाची हाय."

सगळा वर्ग थांबला. मान खाली घालून मी उरलेला श्वास सोडत राहिलो. खूप होता.